टार्गेट १:३ आहे, मग खातं का आटतंय?

प्रश्न : मी अमळनेरचा. चार महिन्यांपासून कॅश सेगमेंटमध्ये इंट्राडे करतोय. दर ट्रेडला हजार रुपये रिस्क आणि तीन हजारांचं टार्गेट, म्हणजे १:३. सगळे सांगतात की १:३ असेल तर शंभरात तीस ट्रेड जिंकले तरी पैसे सुटतात. माझे ६० पैकी २२ जिंकले, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. हिशोबाने २८ हजार नफा हवा होता, पण खात्यातून १८ हजारांच्या वर गेले. डायरी सोबत जोडली आहे. स्ट्रॅटेजी बदलू की अजून थांबू?

उत्तर :

भाऊ, आधी डायरीबद्दल सांगतो. हरलेले ट्रेडही तुम्ही वेळेसकट लिहिले आहेत आणि स्टॉप-लॉस कुठे होता तेही लिहिलंय. त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. मी जळगावात चौदा वर्षं हेच काम करतो. तुमचे साठही ट्रेड मी शीटमध्ये भरले आणि प्रत्येकाचा पाच मिनिटांचा चार्ट उघडून पाहिला. दोन संध्याकाळी गेल्या, पण चित्र स्वच्छ निघालं.

तुम्ही गुणाकार बरोबर केलाय, पण जे दोन आकडे गुणले ते एका स्ट्रॅटेजीचे नाहीत. १:३ हा ट्रेड घेण्यापूर्वी कागदावर लिहिलेला आकडा आहे. ३७ टक्के हा ट्रेड संपल्यावर निघालेला आकडा आहे. ठरवलेलं गुणोत्तर आणि घडलेला विन रेट यांचा गुणाकार कधीच करायचा नाही. दोन्ही ठरवलेले घ्या किंवा दोन्ही घडलेले घ्या.

घडलेले घेऊन पाहू. तुमच्या २२ जिंकलेल्या ट्रेडपैकी टार्गेटला पोहोचून सुटलेले फक्त ५ आहेत. त्यांचे १५,००० झाले. उरलेले १७ तुम्ही मधेच हाताने कापले. कुठे सातशे, कुठे चौदाशे, असे सरासरी ११०० रुपये पडले, म्हणजे १८,७००. सगळे मिळून ३३,७०० आणि एका जिंकलेल्या ट्रेडमागे सरासरी १५३२ रुपये. तीन हजार नाहीत, त्याच्या निम्मे आहेत.

हरलेल्या ३८ मध्ये ३३ ठिकाणी स्टॉप जागेवर लागला, पण हजाराला नाही. स्टॉप ट्रिगर झाल्यावर ऑर्डर बाजारभावाने जाते आणि पुढे जो खरेदीदार उभा असेल त्याच्या भावात माल सुटतो. हे स्लिपेज तुमच्या डायरीत शेअरमागे सरासरी ४० पैसे आहे. २०० शेअरवर त्याचे ८० रुपये झाले. म्हणजे या ३३ ट्रेडमध्ये सरासरी १०८० गेले, एकूण ३५,६४०. उरलेल्या ५ ट्रेडमध्ये भाव स्टॉपजवळ आल्यावर तुम्ही स्टॉप खाली सरकवला आणि दर वेळी सरासरी २३०० घालवले. त्यांचे ११,५०० झाले. हरलेल्यांची बेरीज ४७,१४० आणि सरासरी १२४० रुपये.

आता वर खर्च आला. तुमचा व्यवहार साधारण ५०० रुपयांचा शेअर, २०० नग, म्हणजे लाखाचा असतो. एका ट्रेडला घेताना २० आणि विकताना २० रुपये ब्रोकरेज, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी म्हणजे २५ रुपये, त्यात एक्स्चेंजचा चार्ज, स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी मिळवले की साधारण ८२ रुपये होतात. साठ ट्रेडचे ४९२० झाले. ३३,७०० मधून ४७,१४० आणि ४९२० वजा केले की उणे १८,३६० उरतात. तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम नेमकी हीच आहे. कोणी फसवलेलं नाही, चार्जही चुकीचा लागलेला नाही.

खर्च धरून तुमचा जिंकलेला ट्रेड १४५० चा आहे आणि हरलेला १३२२ चा. म्हणजे तुम्ही १:३ ची नाही, १:१.१ ची स्ट्रॅटेजी चालवताय.

एवढ्या गुणोत्तराला किती विन रेट लागतो ते काढायचं सूत्र एका ओळीचं आहे. सरासरी तोट्याला, सरासरी तोटा अधिक सरासरी नफा यांच्या बेरजेने भागायचं. शीटमध्ये A2 ला सरासरी नफा आणि B2 ला सरासरी तोटा लिहून हे टाका :

```
=B2/(A2+B2)
```

१३२२ भागिले २७७२ केलं की ४७.७ टक्के येतात. या टक्क्याला ना नफा ना तोटा. तुमचा विन रेट आहे ३६.७. मधल्या अकरा टक्क्यांच्या फरकातून तुमचे १८ हजार गेले. उलट दिशेनेही मोजून पाहा. प्रत्येक ट्रेडला सरासरी ३०६ रुपये तोटा होत होता आणि साठ वेळा झाला.

हे सूत्र मी शेअरबाजाराच्याही आधी पाहिलं, पण तेव्हा ते ओळखता आलं नाही. माझे मामा सावद्याकडे केळीचा व्यापार करायचे. बागेतून माल घ्यायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि दिल्लीकडे रवाना करायचा. दहा गाड्यांपैकी आठ फायद्यात जायच्या, म्हणून गावात ते हुशार व्यापारी होते. एका गाडीला आठ हजार सुटायचे, आठ गाड्यांचे ६४ हजार. पण गाडी रस्त्यात बंद पडली किंवा उन्हाने माल वाटेतच पिकला की तिकडे तो मिळेल त्या भावात द्यावा लागे आणि एका गाडीला चाळीस हजार जात. अशा दोन गाड्यांचे ८० हजार. आठ गाड्या कमावून दहाच्या शेवटी १६ हजारांचा खड्डा. मामांना वाटायचं, यंदा नशीब फिरलं. नशिबाचा तिथे काही संबंध नव्हता. आठ हजार नफा आणि चाळीस हजार तोटा या व्यवहाराला नुसतं बरोबरीत राहायला ८३ टक्के गाड्या सुखरूप पोहोचाव्या लागतात. त्यांच्या ८० टक्के पोहोचत होत्या. गावाला आठ गाड्या दिसल्या, मधले तीन टक्के कोणी मोजले नाहीत.

मामांची गोष्ट सांगितली कारण तुमची चूक त्यांच्याच जातीची आहे, फक्त दुसऱ्या टोकाची. त्यांनी नुसता विन रेट पाहिला, तुम्ही नुसतं गुणोत्तर पाहिलं. एकटा कुठलाच आकडा काही सांगत नाही. पैसा मिळतो तो लागणारा विन रेट आणि घडणारा विन रेट यांच्यामधल्या फटीत. ती फट तुमच्या बाजूने आहे का, एवढंच शोधायचं असतं.

इथे बहुतेक जण म्हणतील, "मग सोपं आहे, मधे हात घालू नका, टार्गेट येऊ द्या." अमळनेरात हा सल्ला जास्तच पटतो. १९४५ साली तुमच्याच गावात तेलाच्या कारखान्याने सुरू झालेल्या विप्रोचे शेअर ज्यांनी विकले नाहीत, त्यांच्या घरांच्या गोष्टी तुम्ही लहानपणापासून ऐकल्या असतील. पण त्या गोष्टीत स्टॉप-लॉस नव्हता, सव्वातीनची घंटा नव्हती, आणि वर्षानुवर्षं वाढणारा धंदा मागे उभा होता. सकाळी घेतलेल्या ट्रेडला दुपारपर्यंत तसं काहीही मागे नसतं. न कापणं हा त्यात आपोआप फायदा ठरत नाही.

हे समजायला एक विचार करून पाहा. समजा तुमच्या एंट्रीत काहीच दम नाही, नाणं उडवून घेतल्यासारखी ती आहे. भाव इथून वर जाईल की खाली, दोन्ही सारखंच. खाली ५ रुपयांवर स्टॉप, वर १५ रुपयांवर टार्गेट. टार्गेट आधी लागण्याची शक्यता किती? बरोबर २५ टक्के. कारण खेळ समसमान असेल तर सरासरीला कोणालाच फायदा होता कामा नये. चारात एकदा १५ मिळाले आणि तीनदा ५ गेले तरच हिशोब शून्यावर येतो. टार्गेट ७.५० वर आणलं, म्हणजे १:१.५ केलं, तर शक्यता आपोआप ४० टक्के होते. ५ वर आणलं तर ५० टक्के. प्रत्येक ठिकाणी लागणारा विन रेट आणि मिळणारा विन रेट एकच येतो.

माझ्या मते या विषयात एवढी एकच गोष्ट नीट कळली तरी पुष्कळ झालं. गुणोत्तर हे तुम्ही निवडता, म्हणून ते फुकट मिळतं. टार्गेट लांब ठेवलं की विन रेट पडतो, जवळ आणलं की वाढतो. दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. १:३ लिहिण्याने तुम्ही काहीच कमावलेलं नसतं. "१:३ ला ३० टक्के चालतात" हे वाक्य गणितात खरं आहे, पण ते ३० टक्के कुठून येणार हे त्यात कुठेच नाही. बिनदमाच्या एंट्रीला २५ च मिळतात. वरचे पाच टक्के एंट्रीला स्वतःच्या बळावर आणावे लागतात.

आणि प्रत्यक्षात २५ वरही भागत नाही. तुमच्याच आकड्यांवर पाहा. स्टॉप लागला की १००० अधिक ८० स्लिपेज अधिक ८२ खर्च, म्हणजे ११६२ जातात. टार्गेट लागलं की ३००० मधून ८२ गेले, २९१८ उरतात. ती लिमिट ऑर्डर असते म्हणून तिथे स्लिपेज धरलं नाही. आता सूत्रात टाकलं की २८.५ टक्के येतात. म्हणजे ठरवल्याप्रमाणे शंभर टक्के शिस्तीत चाललात तरी पहिले साडेतीन टक्के खर्च आणि स्लिपेज भरून काढायलाच लागतात.

डायरीच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, "स्टॉप २ रुपयांवर आणून बघू, म्हणजे गुणोत्तर सुधारेल." हे करण्याआधी थांबा. रिस्क हजाराचीच ठेवायची तर मग २०० ऐवजी ५०० शेअर घ्यावे लागतील. व्यवहार अडीच लाखांचा होतो आणि टक्क्यांवर लागणारे सगळे चार्ज वाढून एका ट्रेडचा खर्च साधारण १३५ रुपयांवर जातो. स्लिपेजचे ४० पैसे तेवढेच राहतात, पण ५०० शेअरवर त्याचे २०० रुपये होतात. म्हणजे हरलं की १३३५, जिंकलं की २८६५, आणि लागणारा विन रेट जवळजवळ ३२ टक्के. कागदावर अजूनही १:३, आणि गाठायचा आकडा साधारण सव्वातीन टक्क्यांनी आणखी वर. शिवाय ५०० रुपयांचा शेअर दोन रुपये इकडे-तिकडे उगाचच होत असतो. स्टॉप त्या हालचालीच्या आत ठेवला तर तुमची कल्पना बरोबर असूनही तुम्ही बाहेर पडता. स्टॉप भावाच्या चालीवरून ठरवा आणि त्यावरून शेअरची संख्या काढा. हवं ते गुणोत्तर यावं म्हणून स्टॉप ओढून आणायचा नाही.

खर्चाला मी एवढी जागा का दिली तेही सांगतो. २०२४ च्या जुलैमध्ये सेबीने इंट्राडे करणाऱ्या सामान्य लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात कॅश सेगमेंटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला होता. तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या रकमेवर आणखी ५७ टक्के एवढी रक्कम खर्चापोटी दिली होती. आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांत तोट्याचं प्रमाण ८० टक्के होतं. जी फट मुळात दोन-तीन टक्क्यांची असते, ती खर्च अशी खाऊन टाकतो.

आता तुमचा खरा प्रश्न. स्ट्रॅटेजी बदलू की थांबू? यासाठी मी तुमचे ते १७ हाताने कापलेले ट्रेड चार्टवर पुढे चालवून पाहिले. नियम एकच ठेवला : मूळ स्टॉप आणि मूळ टार्गेट, यापैकी आधी काय लागलं ते धरायचं. सव्वातीनपर्यंत काहीच लागलं नाही तर तेव्हाच्या भावाला बंद. एकाच पाच मिनिटांच्या कँडलमध्ये दोन्ही लागल्यासारखं दिसलं तर स्टॉप लागला असं धरायचं. हा नियम कडक वाटेल, पण तिथे स्वतःला सूट दिली की सगळा अभ्यास फुकट जातो.

१७ पैकी ८ पुढे टार्गेटला पोहोचले. ६ मागे फिरून स्टॉपला आले. ३ मधेच लोंबकळत सव्वातीनला साधारण पाचशे-पाचशेच्या नफ्यात बंद झाले. त्या सहापैकी दोन तर असे होते की भाव मूळ स्टॉपच्या खाली गेला होता, तुम्ही स्टॉप सरकवला होता आणि नंतर भाव परत आला. डायरीत ते "जिंकले" म्हणून पडलेत. स्टॉप सरकवण्याची सवय अशाच दोन ट्रेडमुळे लागते, हे लक्षात असू द्या. स्टॉप सरकवून हरलेल्या त्या पाच ट्रेडनी त्याची किंमत वसूल केली.

शिस्तीचा हिशोब असा येतो. टार्गेटला १३ ट्रेड, म्हणजे ३९,०००. सव्वातीनचे ३, त्यांचे १५००. उरलेले ४४ स्टॉपला, प्रत्येकी १०८० प्रमाणे ४७,५२०. खर्च ४९२०. शेवटी उणे ११,९४०.

हा आकडा दोनदा वाचा. तोटा १८ हजारांवरून १२ वर आला, म्हणजे शिस्तीने जवळजवळ साडेसहा हजार वाचले असते. पण तोटा गेला नाही. विन रेट ३७ वरून २७ टक्क्यांच्या आत आला, कारण मधे कापलेल्यांतले बरेच ट्रेड तुम्ही कापले म्हणूनच जिंकलेले होते. साठांपैकी ज्यांचा टार्गेट किंवा स्टॉप असा पक्का निकाल लागला त्यांतून पाहिलं तर ५७ पैकी १३, म्हणजे २३ टक्के. नाणं उडवणाऱ्याला २५ मिळाले असते. तेव्हा निदान १:३ या टार्गेटपुरती तुमच्या एंट्रीने अजून आपली बाजू दाखवलेली नाही. हे कडू आहे, पण मोघम बोलून तुमचे आणखी पैसे घालवण्यापेक्षा स्पष्ट सांगितलेलं बरं.

मग मी आणखी एक गोष्ट मोजली. स्टॉप लागण्याआधी प्रत्येक ट्रेड तुमच्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला? ६० पैकी २७ ट्रेड दीडपटीपर्यंत, म्हणजे १५०० च्या नफ्यापर्यंत गेले होते. हे ४५ टक्के झाले. नाण्याला इथे ४० मिळतात. म्हणजे तुमची एंट्री पहिल्या टप्प्याची दिशा थोडीफार ओळखते असं दिसतं, पण तिच्यात लांब पळण्याचं बळ नाही. इंट्राडेत असं पुष्कळदा होतं, विशेषतः बाजार एकाच पट्ट्यात फिरत असताना. तुमचे बरेच ट्रेड अकराच्या पुढचे आहेत. दुपारी हालचाल मंदावते आणि तीनपट जायला दिवसच उरत नाही.

१:१.५ चा हिशोब करू. २७ गुणिले १५०० म्हणजे ४०,५००. उरलेले ३३ स्टॉपला धरले तर ३५,६४०. खर्च ४९२०. शेवटी उणे ६०, म्हणजे बरोबरी. खर्च नसता तर जवळपास पाच हजार सुटले असते. फट आहे, पण ती जेमतेम खर्चाएवढी आहे.

मात्र "सरांनी १:१.५ सांगितलं" असं कृपया म्हणू नका. मी टार्गेट आधी ठरवून तपासलेलं नाही, साठ ट्रेड झाल्यावर मागे वळून शोधलंय. संपलेल्या आकड्यांतून सगळ्यात बरं टार्गेट शोधलं की ते नेहमी खऱ्यापेक्षा बरं दिसतं. आणि साठ हा आकडा फारच लहान आहे. ६० ट्रेडमध्ये ४५ टक्के आले, तर खरा विन रेट ३२ पासून ५८ पर्यंत कुठेही असू शकतो. ३२ असेल तर खातं बुडेल, ५८ असेल तर उत्तम चालेल, आणि आज दोघांत फरक करायला आपल्याकडे काही नाही. शंभर ट्रेड झाले की हा पट्टा साधारण दहा टक्के इकडे आणि दहा तिकडे एवढा होतो. निम्मा करायचा तर चारपट, म्हणजे चारशे ट्रेड लागतात. म्हणूनच वीस-पंचवीस ट्रेडवर कोणी "माझा ७० टक्के विन रेट" म्हणालं की मी पुढचं ऐकत नाही.

कोणतं गुणोत्तर घ्यायचं हे शेवटी काही गोष्टींवर ठरतं आणि त्या माझ्या हातात नाहीत. तुम्ही दिवसभर स्क्रीनसमोर असता की दुकान सांभाळून करता, शेअर किती उलाढालीचा आहे, बाजार धावतोय की रेंगाळतोय, या सगळ्याने उत्तर बदलतं. आणि एक गोष्ट स्वभावाची आहे. विन रेट ३० टक्के असलेल्या, पण खरोखर नफ्यातल्या स्ट्रॅटेजीतही सलग दहा ट्रेड हरणं काही विशेष नाही. आता सुरू होणारे दहाही ट्रेड हरण्याची शक्यता जवळजवळ तीन टक्के असते, आणि दोनशे ट्रेड केले की अशी साखळी कुठेतरी येणारच असं धरून चालावं. तुमच्या डायरीत सलग सात हरल्यानंतरच्या पानावर पहिल्यांदा ट्रेड सातशेला कापलेला आहे. त्याआधी तुम्ही एकदाही कापला नव्हता. म्हणजे लोभाने किंवा अज्ञानाने तुम्ही कापत नव्हता, सात हारींनी थकून काहीतरी हातात घेत होता. हे माणसाला होतंच. पण जे गुणोत्तर आपल्याला शेवटपर्यंत पाळता येत नाही ते आपल्या उपयोगाचं नाही, मग कागदावर ते कितीही चांगलं दिसो. मी स्वतः पहिली तीन वर्षं १:३ च्या मागे लागून अशीच घालवली. नंतर दीड ते दोनपटीवर आलो आणि तिथेच राहिलो, कारण पाच-सहा हारी मी शांतपणे सोसू शकतो, बारा नाही.

तर तुमच्या जागी मी असतो तर एंट्री आज बदलली नसती, पण पैसाही वाढवला नसता. रिस्क हजारावरून अडीचशेवर आणा, म्हणजे त्याच शेअरचे ५० नग. एक सावधानता : नग कमी झाले तरी ब्रोकरेजचा भार तेवढा कमी होत नाही. पंचवीस हजारांच्या व्यवहाराला ०.०३ टक्क्यांचा दर असेल तर एका बाजूला साडेसात रुपये लागतात आणि निभावून जातं, पण ब्रोकर सरळ २० रुपये घेत असेल तर अडीचशेच्या रिस्कवर येऊन-जाऊन ४० रुपये फार होतात. आपल्या ब्रोकरचा दर काँट्रॅक्ट नोटवर पाहून घ्या, पाठ असलेल्या आकड्यावर जाऊ नका.

टार्गेट १:१.५ लिहून ठेवा आणि पुढचे शंभर ट्रेड तेच ठेवा. स्टॉप आणि टार्गेट दोन्ही ऑर्डर एंट्रीबरोबरच टाका आणि स्टॉप कुठल्याही कारणाने खाली सरकवू नका. डायरीत तीन रकाने वाढवा : ट्रेड आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला, आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला, आणि ठरवल्याप्रमाणे बंद झाला की हाताने. तिसऱ्या रकान्यात "हाताने" लिहिलेले ट्रेड हिशोबात वेगळे ठेवा. ते शंभरात दहाच्या वर गेले तर त्या शंभरांतून स्ट्रॅटेजीबद्दल काहीच ठरवता येणार नाही, कारण तुम्ही ती चालवलेलीच नसेल.

१:१.५ ला तुमच्या आजच्या खर्चात आणि स्लिपेजमध्ये लागणारा विन रेट ४५ टक्के आहे. ११६२ ला २५८० ने भागा, तोच येईल. शंभराच्या शेवटी ५० च्या वर असाल तर रिस्क पाचशे करून पुढचे शंभर घ्या. ४० च्या खाली असाल तर ही एंट्री सोडा, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका, अडीचशेच्या रिस्कमध्ये ते स्वस्तात कळलेलं असेल. मधे कुठे असाल तर टार्गेटला हात न लावता आधी अकरानंतरचे ट्रेड बाजूला काढून उरलेले सकाळचेच मोजा. मला तुमच्या साठांत सकाळचे ट्रेड बरे दिसले, पण ते फक्त १९ आहेत, म्हणून त्यांचा आकडा मी मुद्दाम इथे दिलेला नाही.